‘दुर्मिळ’ म्हणजे नेमकं काय? भवानी पेठेतल्या सात शिवराया आणि विक्रीचं एक वर्णन

“शिवकालीन अस्सल शिवराई. उत्तम स्थिती. पिढीजात संग्रहातून. अतिशय दुर्मिळ. बाजारभाव लाखात.”

ही ओळ लिहिली होती आमच्या ओळखीच्या एका मुलानं. राहणार भवानी पेठ, सोलापूर. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची फी भरायची होती आणि आजीच्या देवघरात तांब्याची सात जुनी नाणी होती. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओत असल्या नाण्यांना लाखोंचा भाव मिळतो असं त्यानं पाहिलं होतं. वर्णन इंटरनेटवर टाकण्याआधी “ताई, एकदा नजर टाका” म्हणून त्यानं मला पाठवलं.

मराठा काळातली नाणी हा माझ्या अभ्यासाचा एक भाग आहे, त्यामुळे अशी वर्णनं मी रोज वाचते. लिलावांच्या याद्या, विक्रेत्यांच्या जाहिराती, जुन्या संग्रहांच्या सूची. संशोधनाकडे वळणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना पुढे याच याद्या ‘साधन’ म्हणून वापराव्या लागतील, कारण खाजगी संग्रहातली कितीतरी नाणी एकदाच उजेडात येतात, ती विकायला निघतात तेव्हा. पुन्हा ती कपाटात जातात आणि मागे उरतो एक फोटो आणि चार ओळींचं वर्णन. त्या चार ओळी चुकीच्या असतील तर तुमच्या प्रबंधाची तळटीपही चुकीची होते. म्हणून त्या मुलाच्या ओळीतले पाच दावे आपण एकेक करून तपासू.

१. ‘शिवकालीन’

आधी नाण्याची ओळख. शिवराई म्हणजे तांब्याचं, हातानं पाडलेलं नाणं. पुढच्या बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, मागच्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’ आणि कडेनं ठिपक्यांचं वर्तुळ. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला आणि छत्रपती म्हणून त्यांच्या नावाची नाणी निघाली. सोन्याचा तो होन आणि तांब्याची ती शिवराई.

घोळ असा आहे की नाण्यावर ‘शिव’ हे नाव आहे म्हणून नाणं शिवकाळातलं ठरत नाही. महाराजांच्या नंतरही त्यांच्याच नावाची शिवराई पाडली जात राहिली. पेशवाईत ती अनेक ठिकाणच्या टांकसाळींत पाडली गेली. पेशवाई १८१८ साली संपली, तरी १८२० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखाली शिवराई निघतच होती. लोकांना हे नाणं ओळखीचं होतं, बाजारात ते चालत होतं, मग नाव बदलायचं कशाला, असा तो साधा व्यवहार. म्हणजे एकाच नावानं जवळजवळ दीडशे वर्षं नाणी निघाली. हाती आलेली शिवराई त्या दीडशे वर्षांतली कुठलीही असू शकते, आणि उत्तरार्धातली असण्याची शक्यता बरीच जास्त.

काही खुणा मदतीला येतात. एका प्रकारात अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या समांतर रेघा असतात. त्याला ‘दुदांडी शिवराई’ म्हणतात. हा प्रकार उशिराचा, पेशवाईच्या उत्तरकाळातला आणि कंपनीच्या सुरुवातीच्या काळातला. तेव्हा दोन रेघा स्पष्ट दिसत असताना कुणी ‘शिवकालीन’ लिहिलं असेल तर तिथेच थांबायचं. उलट बाजूनं मात्र हा नियम चालत नाही. रेघा नाहीत म्हणून नाणं महाराजांच्या काळातलं, असं म्हणता येत नाही, कारण रेघा नसलेल्या शिवरायाही पुढे बराच काळ निघाल्या. वजनाचंही तसंच आहे. जड शिवराई जुनी असण्याची शक्यता थोडी वाढते, एवढंच. नुसत्या वजनाच्या काट्यावर राज्यकर्ता ठरत नाही.

देवघरातली सात नाणी मी काट्यावर ठेवली आणि भिंगाखाली पाहिली. चारांवर दोन रेघा होत्या आणि त्यांची वजनं ८ ते ९ ग्रॅमच्या आसपास भरली. एक नाणं जाड, १०.७ ग्रॅमचं, रेघा नसलेलं. उरलेली दोन ७.२ आणि ७.३ ग्रॅमची. त्या दोघांकडे आपण नंतर येऊ.

म्हणजे ‘शिवकालीन’ हा शब्द चारांच्या बाबतीत चूकच होता. पाचव्या नाण्याच्या बाबतीत तो सिद्ध करता येत नव्हता. अशा वेळी लिहायचं ते असं: “शिवाजी महाराजांच्या नावाची शिवराई, रेघा नसलेला प्रकार, राज्यकर्ता निश्चित नाही.” ‘नावाची’ आणि ‘काळातली’ या दोन शब्दांत दीडशे वर्षांचा फरक आहे.

२. ‘उत्तम स्थिती’

स्थितीची प्रत ठरवण्यासाठी जगभर जी मोजपट्टी वापरतात ती विल्यम शेल्डन या अमेरिकी अभ्यासकानं १९४९ साली मांडली. १ ते ७० असे गुण. मूळ हेतू असा की अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटची किंमत त्या गुणांच्या प्रमाणात काढता यावी. आपल्याकडचे लिलाववाले आकड्यांपेक्षा ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रिमली फाइन’ असे टप्पे जास्त लिहितात. आकडा असो की टप्पा, मोजली जाते ती मुख्यतः झीज. नाणं वापरात किती घासलं गेलं, हे.

ही पट्टी शिवराईला लावताना जपून लावावी लागते. शिवराई यंत्रावर बनलेली नाही. तांब्याची ओबडधोबड चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि घण मारायचा, अशी ती रीत. ठसा बऱ्याचदा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे ठशावर ‘श्री राजा शिव’ पूर्ण कोरलेलं असलं तरी नाण्यावर ‘श्री’ची वेलांटी चकतीबाहेर राहून जाते, कधी ‘राजा’तला ‘रा’ अर्धाच उमटतो. घण वाकडा बसला तर एक बाजू ठळक आणि दुसरी पुसट. यातली कुठलीच गोष्ट झीज नाही. नाणं टांकसाळीतून बाहेर पडलं तेव्हाच ते तसं होतं.

म्हणून वर्णनात तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या. झीज किती, ठसा किती खोल उमटला, आणि ठशाचा किती भाग चकतीवर आला. झीज आणि कमी उमटलेला ठसा यांतला फरक ओळखायला एक सोपी युक्ती आहे. खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च नाण्याला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडा. झिजलेल्या भागात अक्षराचं डोकं सपाट आणि गुळगुळीत दिसतं, आजूबाजूचा पृष्ठभागही मऊ झालेला असतो. ठसाच उमटला नसेल तर तिथे चकतीचा मूळ खडबडीतपणा तसाच असतो. झिजलेलं नाणं गुळगुळीत, न उमटलेलं नाणं खरबरीत, एवढं लक्षात ठेवा.

सोलापूरचंच दुसरं उदाहरण घ्या. मोगलांच्या टांकसाळींत सोलापूरचंही नाव आहे आणि औरंगजेबाचे रुपये इथे पाडले गेले. विजापूरच्या मोहिमेसाठी तो १६८५ च्या सुमारास सोलापुरात येऊन राहिला होता. त्या रुपयावर टांकसाळीचं नाव मागच्या बाजूला, बहुधा कडेजवळ पडतं. नाणं अगदी कोरं दिसत असेल पण नेमकं ‘शोलापूर’ चकतीबाहेर गेलं असेल, तर आपल्या कामाचं ते फारसं नाही. उलट घासलेल्या रुपयावर टांकसाळीचं नाव वाचता येत असेल तर अभ्यासकाला तो हवा असतो. प्रत आणि उपयोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्णनात नुसती प्रत दिली असेल तर फोटोवरून स्वतः विचारायचं, वाचता काय येतं?

आता देवघरातल्या नाण्यांचं. सातही नाणी लख्ख लालसर होती. आजी कौतुकानं म्हणाल्या, “दर दसरा-दिवाळीला चिंचेनं घासते बघ. कसं सोन्यासारखं दिसतंय की.” मुलगा ‘उत्तम स्थिती’ म्हणत होता ती याच चकाकीमुळे. नाण्यांच्या जगात नेमका हाच सगळ्यांत मोठा दोष. जुन्या तांब्यावर वर्षानुवर्षांत तपकिरी किंवा काळसर थर धरतो आणि तो खालच्या धातूला सांभाळतो. चिंचेतलं आम्ल तो थर विरघळवतं, उघडं पडलेलं तांबं पुन्हा हवेशी भिडतं, पुन्हा थर, पुन्हा चिंच. दर वेळी अक्षराची धार थोडी जाते. सोबत राख किंवा रांगोळी असेल तर बारीक ओरखडेही पडतात. भिंगातून ते एकमेकांना समांतर दिसतात, कारण हात एकाच दिशेनं घासत असतो.

त्यामुळे प्रतीसोबत ‘घासून स्वच्छ केलेलं’ हे लिहावंच लागतं. ते न लिहिणं म्हणजे खरेदीदाराची फसवणूक, आणि अभ्यासकाचंही नुकसान, कारण वजन थोडं घटलेलं असू शकतं.

३. ‘पिढीजात संग्रहातून’

नाणं कुठून आलं याच्या माहितीचे तीन थर असतात. पहिला, ते जमिनीतून कुठे निघालं, कशासोबत निघालं. दुसरा, ते कुणाकुणाच्या हातांतून आलं आणि त्याचा काही कागद आहे का. तिसरा, घरात काय सांगतात. विक्रीच्या वर्णनात हे तिन्ही बहुतेक वेळा एकाच वाक्यात मिसळलेले असतात. आपलं काम ते वेगळे काढणं.

मी आजींना विचारलं, ही नाणी घरात कधीपासून आहेत? त्या म्हणाल्या, “सासूबाईंच्या वेळेपासून.” सातही? जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “दोन आपल्या ह्याच्या बापानं आणली. तुळजापूरला गेल्ता तवा. देवीपुढं विकायला बसतात की, तिथून.”

ती दोन म्हणजे ७.२ आणि ७.३ ग्रॅमची. ती मी शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींवर ‘राजा’ त्याच जागी तुटलेलं. दोन्हींच्या कडेला उजवीकडे सारखीच चीर. दोन्हींत ठसा डावीकडे तेवढाच सरकलेला. हातानं पाडलेल्या नाण्यांत हे होऊ शकत नाही. ठसा एकच असू शकतो, त्यामुळे अक्षरांचं वळण सारखं येईल. पण चकतीचा आकार, चीर आणि घण बसण्याची जागा दर वेळी वेगळी असते. हे अपघातसुद्धा हुबेहूब सारखे असतील तर दोन्ही नाणी एका साच्यातून ओतलेली आहेत. मग बाकीच्या खुणाही दिसायला लागतात. कडेवर साच्याच्या दोन अर्ध्यांची बारीक रेघ, पृष्ठभागावर बुडबुड्यांची टोचल्यासारखी छिद्रं, अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ. अशी नक्कल मूळ नाण्यापेक्षा किंचित लहानही भरते, कारण ओतलेला धातू थंड होताना आक्रसतो.

म्हणजे ‘पिढीजात’ हा शब्द पाच नाण्यांसाठी खरा होता आणि दोघांसाठी खोटा. मुद्दाम कुणी खोटं बोललं नव्हतं. एकाच डबीत ठेवलेल्या गोष्टींना एकच इतिहास मिळतो, घरात असंच घडतं. संग्रहालयांच्या आणि नामांकित संग्रहांच्या बाबतीतही हीच शंका घ्यायची. संग्रह जुना आहे याचा अर्थ त्यातली प्रत्येक वस्तू जुनी आहे असा नाही.

चांगलं काय निघालं, तेही सांगते. पाचही खऱ्या नाण्यांच्या अक्षरांच्या खोबणीत लाल कण अडकलेले होते. कुंकू. चिंचही तिथपर्यंत पोहोचली नव्हती. म्हणजे देवघराची गोष्ट नुसती सांगोवांगी नाही, नाण्यावर तिची खूण आहे. वर्णनात ती नोंद करायची आणि कण काढायचे नाहीत.

याच ठिकाणी एक धोकाही आहे. मुलाला कुणीतरी सुचवलं होतं की ‘किल्ल्याजवळ शेतात सापडली’ असं लिही, भाव चढेल. हे वाक्य खोटं असेल तर तुमच्यासारख्या अभ्यासकाच्या नकाशावर एक खोटं सापडस्थान उमटतं आणि ते पुढच्या प्रबंधांत वर्षानुवर्षं फिरत राहतं. खरं असेल तर तो कायद्याचा प्रश्न होतो. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. शिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष ठरतो. त्याच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो, आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून ही नाणी विकायची तर परवानाधारकामार्फत, आणि ‘परदेशी पाठवू’ असं कुणी लिहिलेलं दिसलं तर समजून जा.

४. ‘अतिशय दुर्मिळ’

जस्टिन अॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी. मराठी संतचरित्रांची त्यांनी केलेली इंग्रजी भाषांतरं तुमच्यापैकी काहींना माहीत असतील. त्यांना शिवराईचाही नाद होता. १८८५ ते १८८७ या काळात त्यांनी पुणे, सातारा, महाबळेश्वर, अलिबाग या भागांतून सुमारे २५,००० शिवराया गोळा करून तपासल्या आणि त्यांत जवळजवळ १५० प्रकार वेगळे काढले.

या दोन आकड्यांकडे नीट बघा. पहिला सांगतो की राज्याभिषेकानंतर दोनशे वर्षांनीही शिवराई हजारोंनी हाताला लागत होती. म्हणजे ‘शिवराई’ हा प्रकार दुर्मिळ नाही, तो आपल्याकडच्या सगळ्यांत सर्रास सापडणाऱ्या जुन्या नाण्यांपैकी एक. दुसरा आकडा सांगतो की भेद करत गेलं तर प्रकार वाढत जातात. ‘शिव’, ‘सिव’, ‘सीव’ असं लेखन बदलतं. ‘पति’ कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ. ठसे हातानं कोरलेले असल्यामुळे प्रत्येक ठसा थोडा वेगळा असतो. आता कुणी इतकं बारीक वर्गीकरण केलं की प्रत्येक ठसा हाच एक प्रकार, तर जवळजवळ प्रत्येक नाणं ‘दुर्मिळ प्रकार’ म्हणून विकता येईल! विक्रीच्या वर्णनांत हे सर्रास घडतं.

म्हणून ‘दुर्मिळ’ वाचलं की दोन प्रश्न विचारायचे. दुर्मिळ काय आहे, नाण्याचा मुख्य प्रकार की त्यातला एखादा बारीकसा भेद? आणि कशाच्या तुलनेत, कुणी किती नाणी पाहून हे म्हटलंय? मराठा नाण्यांसाठी के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा ‘मराठा मिंट्स अँड कॉइनेज’ हा १९८९ सालचा ग्रंथ आजही पहिला आधार आहे. तो नाशिकजवळ अंजनेरीला असलेल्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेनं प्रसिद्ध केला. जबाबदार वर्णनकार अशा सूचीचा आधार घेऊन लिहितो की हा प्रकार तिथे दिलेला आहे किंवा नाही. ‘सूचीत नाही’ या शब्दांचा अर्थही तेवढाच घ्यायचा. सूचीकारांना तो मिळाला नव्हता, यापलीकडे ते वाक्य काही सांगत नाही.

पाचव्या नाण्याबद्दल म्हणून मी ‘दुर्मिळ’ लिहू दिलं नाही. “दुदांडी प्रकारापेक्षा कमी आढळणारा” एवढंच लिहिलं. ते माझ्या पाहण्यावरून खरं आहे आणि कुणालाही तपासून बघता येईल.

५. ‘बाजारभाव लाखात’

लाखांची गोष्ट आली कुठून? होनामुळे. शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन खरोखरच फार थोडा उपलब्ध आहे आणि त्याला मोठी किंमत येते. बातम्यांत ‘शिवाजी महाराजांचं नाणं लाखोंना’ असं छापून येतं आणि घराघरांतल्या शिवरायांना तोच भाव चिकटतो. धातू वेगळा, संख्या वेगळी, पण नाव एकच. साधी झिजलेली दुदांडी शिवराई शे-दोनशे रुपयांच्या आसपास मिळते.

किमतीबद्दल वाचताना आणखी एक भेद पाळा. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत. संकेतस्थळावर कुणीही नाण्यापुढे पाच लाख लिहू शकतो. ते नाणं तिथे चार वर्षं पडून असेल, तरी आकडा दिसत राहतो आणि पुढचा माणूस तोच ‘बाजारभाव’ म्हणून उद्धृत करतो. पुरावा म्हणून वापरायची ती प्रत्यक्ष झालेल्या लिलावातली बोली, तीही तारखेसह, आणि त्यात लिलावदाराचं कमिशन धरलं आहे की नाही हे पाहून.

आता खरं सांगायचं ते. मुलानं वर्णन मला दाखवण्याआधी दोन फोटो एका नंबरवर पाठवले होते. पलीकडच्या माणसानं “सातही नाणी बारा लाखांना घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा” असं सांगून रिझर्व्ह बँकेच्या नावाचं एक पत्रही पाठवलं होतं. आजी त्यासाठी कानातली फुलं मोडायला निघाल्या होत्या. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी बँकेचा काही संबंध नाही आणि ती असलं कुठलंही शुल्क घेत नाही. ते निवेदन मी दोघांना वाचून दाखवलं. फुलं कानातच राहिली. वर्णनातल्या एका शब्दाची किंमत कधी कधी अशीही असते.

शेवटी लिहिलेलं वर्णन

पाचव्या नाण्यासाठी आम्ही दोघांनी मिळून हे लिहिलं:

“मराठा, तांब्याची शिवराई. पुढे ‘श्री राजा शिव’, ‘श्री’चा वरचा भाग चकतीबाहेर. मागे ‘छत्र पति’ पूर्ण वाचता येते. दोन रेघा नाहीत. राज्यकर्ता व टांकसाळ निश्चित नाही. वजन १०.७ ग्रॅम. झीज मध्यम, ठसा मागील बाजूस खोल, पुढील बाजूस उजवीकडे कमी उमटलेला. अनेकदा घासून स्वच्छ केलेले, समांतर ओरखडे, अक्षरांत कुंकवाचे कण. सोलापुरातील एका घरच्या देवघरात किमान दोन पिढ्या, मालकांच्या सांगण्यानुसार, कागदपत्र नाही. सापडस्थान अज्ञात. दुदांडी प्रकारापेक्षा कमी आढळणारा प्रकार.”

‘मालकांच्या सांगण्यानुसार’ हे दोन शब्द मुलाला खटकले. “यानं भाव पडेल ना?” पडेल, थोडा. पण हे शब्द काढले तर वाचणाऱ्याला वाटेल की कुणीतरी कागद पाहिला आहे. दोन दुदांडी नाणी आणि हे पाचवं एका परवानाधारक व्यापाऱ्यामार्फत गेली. मिळालेल्या पैशांत फी भरली नाही, पुस्तकं आणि ड्रॉइंग बोर्ड आला. फीसाठी शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. ओतीव दोन नाण्यांवर मी कागदी चिठ्ठी बांधली, ‘नक्कल, तुळजापूरहून आणलेली’, म्हणजे पुढच्या पिढीत ती पुन्हा ‘पिढीजात’ होणार नाहीत.

तुम्ही स्वतः असलं वर्णन साधन म्हणून वापराल तेव्हा लिलावाचं नाव, तारीख आणि नाण्याचा क्रमांक तळटीपेत द्या, आणि फोटो त्याच दिवशी उतरवून ठेवा, कारण पान कधी नाहीसं होईल सांगता येत नाही. वर्णनकाराचं मत आणि तुम्हाला फोटोत दिसलेलं, हे दोन वेगळ्या वाक्यांत लिहा. वजन दिलेलं नसेल तर ‘वजन दिलेले नाही’ असं लिहा, सरासरी भरून टाकू नका.

उरलेल्या दोन दुदांडी शिवराया देवघरात परत गेल्या. आजींनी विचारलं, “मग आता चिंच लावायची नाही व्हय?” मी नाही म्हटलं. नुसत्या कोरड्या मऊ कापडानं धूळ टिपायची. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. देवापुढचं तांबं काळं कसं ठेवायचं, हा त्यांचा प्रश्न, आणि तो माझ्या प्रश्नांहून जुना आहे. येत्या दसऱ्याला जाऊन पाहीन.